अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टीमसमोर काय बोलावे

प्रश्न : आज दुपारी आमच्या प्रेस शॉपमध्ये पॉवर प्रेसवर एका ऑपरेटरच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. मला सुपरवायझर होऊन पाचच महिने झालेत. उद्या सकाळी सातला पहिल्या शिफ्टची तीसेक माणसे समोर उभी असतील. एचआर म्हणतात, काहीच बोलू नका. मॅनेजर म्हणतात, सेफ्टीवर कडक बोला. मी नेमके काय बोलू?

उत्तर :

उद्या सकाळी तुमच्यासमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला अपघात झाल्याचे आधीच माहीत असेल. बहुतेकांनी रात्री फोनवरून तीन-चार वेगवेगळ्या हकिगती ऐकलेल्या असतील. त्यामुळे बातमी सांगणे हे तुमचे काम नाही. त्यांच्या मनात तीन गोष्टी असतील : तो आता कसा आहे, मी आज ज्या प्रेसवर बसणार आहे तो प्रेस ठीक आहे का, आणि मला काही ठाऊक असेल तर ते सांगितल्यावर माझ्यावरच काही शेकणार नाही ना. एचआरच्या सांगण्याप्रमाणे गप्प राहिलात तर या तिन्हींची उत्तरे अफवा देतील. मॅनेजरच्या सांगण्याप्रमाणे कडक बोललात तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, शेकेल’ असे जाईल आणि चौकशी तिथेच आंधळी होईल. अपघाताचे कारण न सांगता फक्त घडलेल्या आणि ठरलेल्या गोष्टी शांतपणे सांगायच्या, एवढाच मार्ग माझ्या अनुभवात टिकला आहे.

कारण न सांगण्याचा माझा आग्रह कुठून आला, ते आधी सांगतो, कारण उद्या सकाळी मोह त्याचाच होणार आहे. मी बावीस वर्षे भोसरी आणि चाकण भागातील प्रेस शॉपमध्ये काम केले आहे. सुपरवायझर झाल्यानंतर दुसऱ्या वर्षी माझ्या शिफ्टमध्ये 63 टनी प्रेसवर एका मुलाचे बोट गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांसमोर म्हणालो, “पुढचा गार्ड काढून त्याने डायमध्ये हात घातला, म्हणून हे झाले. यापुढे कोणी गार्ड काढलेला दिसला तर तो घरी बसेल.” यातले पहिले वाक्य खोटे नव्हते. गार्ड खरोखरच काढलेला होता आणि हातही डायमध्येच होता. पण तिसऱ्या दिवशी मेंटेनन्सने क्लचचे झाकण उघडले, तेव्हा लॅचची स्प्रिंग तुटून तिचे दोन तुकडे झालेले सापडले. म्हणजे पायडल एकदाच दाबले गेले होते आणि रॅम दोनदा खाली आला होता. दुसऱ्या वेळी मुलगा तयार जॉब काढायला गेला होता.

त्याहून वाईट गोष्ट नंतर कळली. शेजारच्या प्रेसवरच्या हेल्परने चार दिवसांपूर्वीच हा प्रेस ‘डबल मारताना’ पाहिला होता आणि सेटरच्या कानावर तोंडी घातलेही होते. माझे सकाळचे बोलणे ऐकल्यावर तो गप्प बसला. साहेबांनी कारण ठरवून टाकले आहे, आता आपण वेगळे काही सांगितले तर सेटर अडचणीत येईल आणि आपणही, असे त्याला वाटले. त्या दोन-तीन दिवसांत त्याच बनावटीचे आणखी दोन प्रेस माझ्याच शॉपमध्ये चालू होते. त्यांच्यावर कोणाला काही झाले नाही, पण त्यात माझी काही कामगिरी नव्हती.

तुमचा प्रेस कोणत्या क्लचचा आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि उद्याच्या बोलण्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य त्यावरच अवलंबून आहे. जुन्या की-क्लच किंवा पिन-क्लच प्रेसमध्ये पायडल दाबले की लॅच बाजूला होतो, की फिरते आणि फ्लायव्हील क्रँकशाफ्टला जोडले जाते. पायडल सोडले की स्प्रिंगने लॅच जागेवर येतो, रॅम वर पोहोचताच कीला अडवतो आणि जोड सुटते. स्प्रिंग मलूल झाली, लॅचचे टोक झिजले किंवा ब्रेक सैल पडला, तर ही अडवणूक होत नाही किंवा रॅम वर थांबत नाही, आणि कोणी पायडलला हात-पाय न लावता तो पुन्हा खाली येतो. या प्रकारचा प्रेस एकदा सुटला की फेरी पूर्ण केल्याशिवाय मध्ये थांबवता येत नाही. म्हणून त्यावर लाइट कर्टन बसवूनही उपयोग होत नाही. सेन्सरने हात पाहिला तरी रॅमला थांबवणारे तिथे काही नसते. न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लचचा प्रेस मध्येच थांबू शकतो, त्यामुळे तिथे दोन हातांची बटणे, सेन्सर आणि त्यांचे वायरिंग तपासण्याचा भाग वेगळा असतो.

याचा अर्थ असा की, अपघात झालेला एकच प्रेस बंद ठेवून उरलेले चालू करणे उद्या सकाळी पुरेसे नाही. कारण माहीत नाही असे तुम्ही प्रामाणिकपणे म्हणणार असाल, तर त्याच क्लचचे बाकीचे प्रेसही तपासणी होईपर्यंत बंद राहिले पाहिजेत. नाहीतर तुमचे बोलणे आणि तुमची कृती यांत फट पडते, आणि कामगार ती लगेच ओळखतात. हा निर्णय तुमच्या एकट्याच्या हातात नसेल. आज रात्रीच फॅक्टरी मॅनेजर आणि मेंटेनन्स इनचार्ज यांच्याकडून तो घ्या, आणि ‘काही प्रेस’ असा मोघम न घेता मशीन नंबरसह घ्या.

आता तयारी. एक कोरा कागद घ्या आणि तुम्हाला माहीत असलेली प्रत्येक गोष्ट एकेका वाक्यात लिहा. मग प्रत्येक वाक्यापुढे, हे कोणी पाहिले, मोजले किंवा नोंदवले, ते लिहा. ‘दुपारी 2 वाजून 20 मिनिटांनी प्रथमोपचार पेटी मागवली’ यापुढे नाव आणि रजिस्टर येते. ‘त्याचे लक्ष नव्हते’ यापुढे काहीच येत नाही, म्हणून ते वाक्य खोडायचे. ‘ओव्हरटाइममुळे थकला होता’ हेही खोडायचे. ते तुम्हाला खरे वाटत असले, कामगारांच्या बाजूचे वाटत असले, तरी आज ते तुमचे अनुमान आहे. त्याच्या हजेरीचे तास चौकशीत टाइम ऑफिसमधून येतीलच. माझ्या कागदावर अशी छाननी झाल्यावर वीसेक वाक्यांतून आठ-नऊ उरतात. उरलेला कागद रात्रीच मॅनेजर आणि एचआर यांना दाखवा आणि सरळ विचारा की यातील कोणते वाक्य चुकीचे आहे. ‘काही बोलू नका’ या सांगण्यामागची त्यांची भीती बहुधा एवढीच असते की तुम्ही कारण किंवा दोष यांवर बोलाल. तो भाग कागदावर नाही हे दिसल्यावर विरोध सहसा मावळतो.

मी तुमच्या जागी असतो तर साधारण असे बोललो असतो. तपशील तुमच्या कागदाप्रमाणे बदला, पण क्रम शक्यतो बदलू नका.

“सगळे जवळ या. मागे आवाज येतोय का? मी कागदावरून वाचणार आहे, कारण मला एकही गोष्ट चुकीची सांगायची नाही.

काल दुपारी सव्वादोनच्या सुमारास प्रेस नंबर 7 वर काम करताना आपल्या सहकाऱ्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना गंभीर इजा झाली. त्याला लगेच हॉस्पिटलमध्ये नेले. रात्री त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. आज सकाळी सहा वाजता मी त्याच्या भावाशी बोललो. तो शुद्धीवर आहे आणि घरचे लोक त्याच्याजवळ आहेत. पुढचे डॉक्टर सांगतील तेव्हा मी तुम्हाला सांगेन.

अपघात कशामुळे झाला, हे आज मला माहीत नाही. चौकशी सुरू झाली आहे. ती पूर्ण होईपर्यंत मी कारणाबद्दल बोलणार नाही, आणि कोणाचे नाव घेऊन कोणी बोलू नये, अशी माझी विनंती आहे.

प्रेस नंबर 7 बंद आहे. त्याच क्लचचे प्रेस नंबर 5, 6 आणि 9 सुद्धा आज बंद आहेत. चारही मेन स्विचना कुलूप लावले आहे आणि चाव्या मेंटेनन्स इनचार्जकडे आहेत. क्लच आणि ब्रेक तपासून त्यांनी लेखी दिल्याशिवाय हे प्रेस सुरू होणार नाहीत. 7 नंबरच्या भोवती पट्टी लावली आहे, तिच्या आत कोणी जायचे नाही आणि तिथली कोणतीही वस्तू हलवायची नाही. या चार प्रेसवरच्या लोकांनी माझ्याबरोबर थांबा, तुमचे आजचे काम मी सांगतो.

बाकीच्या प्रेसवर कोणालाही रॅम दोनदा पडलेला, वर न थांबता सरकलेला किंवा वेगळा आवाज आलेला दिसला, आज असो की मागच्या महिन्यात, तर मला येऊन सांगा. आजचे असेल तर आधी मशीन बंद करा, मग सांगा. आधी का सांगितले नाही, असे मी विचारणार नाही.

ज्यांनी काल प्रत्यक्ष पाहिले, त्यांना आज प्रेसवर बसायचे नसेल तर मला बाजूला सांगा, दुसरे काम देतो. पगार कापला जाणार नाही.

दुपारी तीनला, घरी जाण्याआधी, आपण इथेच पुन्हा भेटू. तोपर्यंत जे नवीन कळेल ते मी तेव्हा सांगेन. कोणाला काही विचारायचे आहे का?”

हे सावकाश वाचायला दोन ते अडीच मिनिटे लागतात. त्याहून लांबवू नका. तुमच्याकडे उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशाहून आलेली कंत्राटी मुले असतील, तर हेच सगळे हिंदीत पुन्हा वाचा, सारांश सांगू नका. सारांशात नेमका मशीन नंबर गळतो, आणि तोच त्यांना हवा असतो. पगाराचे वाक्य मॅनेजरने मान्य केले असेल तरच उच्चारा. कंत्राटदाराच्या मुलांनाही ते लागू आहे का, हे आधी विचारून घ्या, कारण हजेरी कापली जाते ती बहुतेक वेळा त्यांचीच.

प्रकृतीबद्दलच्या वाक्यात वेळ आणि कोणाशी बोललात ते सांगण्याचे कारण आहे. ‘तो बरा आहे’ असे तुम्ही म्हणालात आणि दहा वाजता कोणाला दुसरी शस्त्रक्रिया ठरल्याचे कळले, तर तुमचे मशीनबद्दलचे शब्दही संशयास्पद ठरतात. ‘सहा वाजता भावाशी बोललो’ हे मात्र संध्याकाळीही खरेच राहते. बोटे जोडली जातील, नोकरी राहील, भरपाई मिळेल, यांतील काहीही तुमच्या तोंडून जाऊ नये. ईएसआयचे कागद कोण करत आहे, एवढे नक्की असेल तर ते सांगायला हरकत नाही.

बोलण्याची जागा प्रेस नंबर 7 पासून दूर निवडा. तो दिसेल अशा जागी उभे राहिलात तर तीस जोडी डोळे तुमच्याकडे नसतील. रक्त पुसण्याबद्दलही आज रात्रीच विचारून घ्या. फोटो आणि मोजमापे झाल्याशिवाय आणि फॅक्टरी मॅनेजरने परवानगी दिल्याशिवाय पुसू नका, पण सकाळी येणाऱ्यांना ते दिसू नये म्हणून तो भाग ताडपत्रीने झाका. प्रेस बंद केला तरी फ्लायव्हील काही वेळ फिरत राहते, आणि रॅम वर असेल तर तो स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. म्हणून फोटो काढणाऱ्यालाही फ्लायव्हील थांबल्याची खात्री केल्याशिवाय जवळ जाऊ देऊ नका, आणि ठोकळा लावल्याशिवाय डायमध्ये कोणाचा हात जाता कामा नये. तपासणीच्या वेळीच दुसरा अपघात झाल्याचे मी शेजारच्या कारखान्यात पाहिले आहे.

एक गोष्ट वरच्या मजकुरात मी मुद्दाम घातलेली नाही. तुमच्या शॉपमध्ये कोणी काल मोबाइलवर व्हिडिओ किंवा फोटो काढले असतील आणि ते फिरत असतील, तर एक वाक्य वाढवा : “ज्यांच्याकडे कालचे फोटो किंवा व्हिडिओ आहेत त्यांनी ते पुढे पाठवू नयेत, त्याच्या घरच्यांच्या फोनवर ते पोहोचतात, डिलीट मात्र करू नका, सेफ्टी ऑफिसरना दाखवा.” सरसकट डिलीट करा असे सांगण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो मानू नका. त्या फोटोंत गार्ड कुठे होता, पायडलवर झाकण होते का, डायमध्ये ब्लँक होता का, हे दिसत असू शकते, आणि पुरावा पुसायला सांगितल्याचा ठपका तुमच्या एका वाक्यावर कायमचा बसेल.

ज्यांनी अपघात पाहिला, त्यांना सगळ्यांबरोबर प्रथमच ऐकायला लावू नका. अशी दोन-तीनच माणसे असतील, विशेषतः शेजारच्या प्रेसवरचा ऑपरेटर आणि ज्याने जखमीला उचलले तो. त्यांना पावणेसातला गेटजवळ गाठा, चहा द्या, मी काय वाचणार आहे ते सांगा. “तू पाहिलेस ना, सांग सगळ्यांना” असे समुदायासमोर कधीही म्हणू नका. चारचौघांत सांगितलेली आठवण ऐकणाऱ्यांच्या आठवणींत मिसळते, आणि मग चौकशीत प्रत्येकजण तेच सांगू लागतो. त्यांचे म्हणणे सेफ्टी ऑफिसरने वेगवेगळे, शक्यतो उद्याच, लिहून घ्यावे.

प्रश्न विचारायला जागा ठेवली की अवघड प्रश्न येणारच. ‘गार्ड काढायला कोणी सांगितले होते?’ हा बहुधा पहिला असेल, आणि तो विचारणारा उत्तर माहीत असूनच विचारत असेल. तिथे बचाव करू नका आणि गप्पही बसवू नका. “हा प्रश्न मी चौकशीसाठी लिहून घेतो” म्हणा, आणि सर्वांसमोर खरोखर लिहून घ्या. प्रॉडक्शनच्या टार्गेटबद्दल प्रश्न आला तर चार प्रेस बंद असताना आजचे टार्गेट काय धरले आहे, हे तुम्ही आधीच मॅनेजरकडून घेतलेले असावे. चार प्रेसचे काम उरलेल्यांवर ढकलून जुना आकडा तसाच ठेवला असेल, तर वरचे सगळे शब्द वाया गेले असे समजा आणि सातच्या आधी तो आकडा बदलून घ्या.

सह्यांबद्दल सावध राहा. टूलबॉक्स टॉकच्या रजिस्टरवर सह्या घेण्याची पद्धत चांगली आहे, पण अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सही मागितली की कामगाराला आपण अडकतोय असे वाटते. मी वाचलेला कागद रजिस्टरला जोडतो, त्यावर तारीख आणि वेळ घालतो, आणि ‘हे ऐकले’ एवढ्याचीच सही घेतो. कोणाला नको असेल तर त्याचे नाव हजर म्हणून मीच लिहितो. मागच्या तारखेच्या प्रशिक्षणाच्या सह्या भरून घ्यायला कोणी सांगितले, तर स्पष्ट नकार द्या. ती खोटी नोंद ठरते, आणि निरीक्षकाच्या नजरेला एकाच पेनने एकाच दिवशी केलेल्या तीस सह्या चटकन दिसतात. अपघाताची सूचना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला देणे हे तुमचे काम नाही, पण कामगार 48 तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकणार नसेल तर ती द्यावीच लागते. ही अट 1948 च्या कारखाने अधिनियमापासून चालत आलेली आहे. ती गेली का, हे मॅनेजरना विचारून ठेवा, म्हणजे कोणी विचारल्यास “गेली आहे” किंवा “आज जात आहे” असे खरे उत्तर देता येईल.

वरचे सगळे बोटांच्या किंवा हाताच्या इजेसाठी आहे. मृत्यू झाला असता तर मी हाच मजकूर वापरायला सांगितले नसते. तेव्हा पोलिसांचा पंचनामा असतो, घरच्यांना कळल्याची खात्री होईपर्यंत नाव घ्यायचे नसते, त्या बेमध्ये त्या दिवशी काम सुरू होत नाही आणि बोलायला सुपरवायझरने नव्हे तर फॅक्टरी मॅनेजरने पुढे यायचे असते. तुमच्या बाबतीतही रात्रीत प्रकृतीत मोठा बदल झाला, तर सकाळी स्वतःहून काही बोलू नका, आधी मॅनेजरना उठवा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरांना हाच कागद जसाच्या तसा द्या. माझ्याकडे एकदा पहिल्या शिफ्टला तीन प्रेस बंद सांगितले गेले आणि रात्रपाळीला दोनच, कारण मधल्या माणसाने तोंडी निरोप दिला होता. तिसऱ्या प्रेसला कुलूप होते म्हणून तो सुरू झाला नाही, पण रात्रभर ‘दिवसावाले काहीतरी लपवतात’ ही चर्चा चालली.

आणि दुपारी तीनची भेट चुकवू नका, सांगण्यासारखे नवीन काही नसले तरीही. “हॉस्पिटलमधून दुपारी एकला कळले, प्रकृती स्थिर आहे. 5 आणि 6 तपासले, 6 ची स्प्रिंग बदलायची आहे म्हणून तो उद्याही बंद. 9 ची तपासणी बाकी आहे.” एवढे तीन वाक्यांत झाले तरी चालते. मी सांगितलेल्या त्या हेल्परसारखा एखादा माणूस बहुधा याच वेळी, बाकीचे गेटकडे निघाल्यावर, मागे रेंगाळतो. तुम्हीही पाच-दहा मिनिटे तिथेच थांबा आणि हातात वही ठेवा.